चार हजार अक्षरांचं खत

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती माझ्यासमोर डायनिंग टेबलाशी बसली होती आणि मी तिला तिचंच एक वाक्य वाचून दाखवत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे माझ्या जिल्ह्यातले शेतकरी १८७५च्या दंग्यापर्यंत कसे पोचले हे कळलं आणि इतिहासाकडे बघण्याची माझी नजरच बदलली, अशा अर्थाचं. वाक्य झकास होतं. मूळ इंग्रजीत तर आणखीच.

“युद्ध संपलं कधी?” मी विचारलं.

“अठराशे पासष्ट.”

“आणि सुप्याचा दंगा?”

“बारा मे, अठराशे पंचाहत्तर.” सनावळी पाठ होती.

“मग मधली दहा वर्षं शेतकरी काय करत होते?”

ती गप्प. मी पुढे विचारलं, “आणि सुप्याला कापूस पिकायचा का गं?” यावर तिनं पाण्याचा ग्लास उचलला. मुलाखतीच्या तालमीत ग्लास उचलला गेला की वाक्याचा तळ लागला असं समजायचं.

मुलीनं ऑक्सफर्डला इतिहासासाठी अर्ज केला होता. ब्रिटनमधल्या पदवीचे अर्ज ‘यूकॅस’ या एकाच यंत्रणेमार्फत जातात आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी मुदत असते १५ ऑक्टोबरची. अर्जासोबत विद्यार्थ्यानं स्वतःबद्दलचं निवेदन लिहायचं, जास्तीत जास्त ४,००० अक्षरांचं, त्यात मोकळ्या जागाही मोजतात. पूर्वी तो एक सलग मजकूर असे. २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झालेत. हाच विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं. एकदा अर्ज गेला की त्यातला शब्दही बदलता येत नाही. निवड झालेल्यांच्या मुलाखती डिसेंबरात, हल्ली ऑनलाइन. म्हणजे ‘लिहून दिलंय’ आणि ‘आता बोल’ यांच्यात साधारण सात-आठ आठवडे मिळतात. या काळात मुलं बहुतेक नवीन पुस्तकं वाचत बसतात. माझं मत असं की नवीन काही वाचण्याआधी आपण काय लिहून दिलंय ते वाचावं.

याचं कारण तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. ऑक्सफर्डला दोघा-तिघांनी एका शिक्षकासमोर बसायचं, आपण आठवडाभरात लिहिलेला निबंध मांडायचा आणि त्यातल्या एकेका विधानावर उलटतपासणी झेलायची, ही तिथली रोजची शिकवणी. मुलाखत घेणारे बहुधा तेच शिक्षक असतात. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांना एवढंच बघायचं असतं की या मुलीला पुढची तीन वर्षं असं शिकवता येईल का. त्यांना माहितीचा साठा नको असतो. एखादं विधान हलवलं तर त्याच्याखाली काही आहे का, आणि नसेल तर ही मुलगी ते शोधायला लागते की गोरीमोरी होते, हे त्यांना हवं असतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर कुणी भलत्या तयारीला लागेल. निवेदनावर विचारतीलच असं नाही. गणित, भौतिकशास्त्रात तर बहुतेक वेळ समोर टाकलेली उदाहरणं सोडवण्यातच जातो. इतिहासातही बरेचदा आधी वाचायला एक उतारा देतात आणि सगळं बोलणं त्यावरच होतं. निवेदनातला विषय निघाला तर तो सुरुवातीला निघतो, आणि पहिली पाच मिनिटं कशी गेली यावर पुढची वीस मिनिटं हलतात. शिवाय बोट कोणत्या वाक्यावर पडेल ते सांगता येत नाही. म्हणून सगळीच वाक्यं तपासायची.

आम्ही केलं ते असं. निवेदन छापून घेतलं, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून. त्यातली नुसती सजावटीची वाक्यं खोडली. उरलेल्यांतली दाव्याची क्रियापदं लाल पेनानं अधोरेखित केली. वाचलं, शिकले, पटलं, असहमत आहे, शोधलं. अकरा निघाली. प्रत्येक क्रियापदाला एकामागोमाग एक प्रश्न विचारत जायचं: नेमकं काय? कशावरून? याच्या उलट कोण म्हणेल आणि का? दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला मुलगी आधीचंच वाक्य निराळ्या शब्दांत सांगायला लागली की पेन थांबवायचं आणि समासात फुली मारायची. अकरांपैकी सहा वाक्यं सहज निभावली. दोन किरकोळ होती. तीन ठिकाणी फुल्या पडल्या आणि पुढचे आठवडे आम्ही त्या तिघांवरच घालवले.

पहिली फुली कापसाची. पाठ्यपुस्तकातला धागा सरळ आहे. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांश अमेरिकेतून यायचा, १८६१मध्ये तिथे युद्ध पेटलं, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी इथला कापूस उचलायला सावकारांमार्फत गावोगाव पैसा ओतला, १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं आटली. हे खरंच आहे, पण सुपं भीमथडीच्या कोरडवाहू पट्ट्यात येतं आणि तो मुलूख प्रामुख्यानं ज्वारी-बाजरीचा. कापसाचा पैसा खऱ्या अर्थानं खेळला तो वऱ्हाड-खानदेशात. मग दंगा तिकडे न होता पुणे-नगरकडे का झाला? तिनं दोन आठवडे खपून जे उत्तर बांधलं त्यात कापूस राहिला, पण मागच्या रांगेत गेला. तेजीत उधारी सैल झाली ती सगळ्यांनाच, कापूसवाल्यांना आणि बिनकापूसवाल्यांनाही. तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून साठीच्या दशकाअखेरीस नवा सारा ठरला तो काही ठिकाणी दीडपट-दुपटीवर गेला. सारा भरायला कर्ज हवं आणि नेमकं तेव्हाच सावकारानं हात आखडता घेतला. दहा वर्षांचा हिशोब असा लागतो.

यात आणखी एक गंमत तिला सापडली, माझ्या मदतीशिवाय. दंग्यानंतर सरकारनं जो चौकशी आयोग नेमला त्याचा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश संसदेसमोर गेला. सरकारी साऱ्यामुळे दंगा झाला का, हे आयोगाला मुद्दाम बघायला सांगितलं होतं आणि आयोगानं निर्वाळा दिला की नाही, दोष सावकारांचा. साऱ्याचे दर ठरवणाऱ्या सरकारनंच नेमलेला आयोग दुसरं काय म्हणणार होता? “पण मॅडम, आपल्याकडची जवळजवळ सगळी माहिती त्याच अहवालातून येते,” ती म्हणाली. तिथे मी फुली खोडली. वाक्य अर्जात होतं तसंच होतं. फक्त आता त्याच्याखाली जमीन होती.

दुसरी फुली ई. पी. थॉम्प्सनची. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जमावाच्या ‘नैतिक अर्थव्यवस्थे’वरचा त्याचा १९७१चा प्रसिद्ध लेख वाचून आपण प्रभावित झालो असं तिनं लिहिलं होतं. किती वाचलास म्हटल्यावर कळलं, सुरुवातीची सहा पानं आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला सारांश. हा गुन्हा नाही, पण धोका मोठा, कारण समोरच्यानं तो लेख कदाचित दरवर्षी शिकवलेला असतो. उपाय एकच, तो लेख अख्खा वाचणं, आणि वाचताना आपल्या उदाहरणाशी तो कुठे जुळतो नि कुठे नाही एवढंच टिपणं. दहा पुस्तकांची नावं घेण्यापेक्षा हे कितीतरी कमी खर्चाचं आहे, तरी मुलं नावंच वाढवतात. प्रवेशाच्या सल्लागारांनाही नावं आवडतात. हिच्या सल्लागारानंच थॉम्प्सन घालायला सांगितला होता.

थॉम्प्सनचं म्हणणं थोडक्यात असं की भुकेनं पिसाळलेले लोक लुटालूट करतात ही समजूत चुकीची आहे. त्या जमावाला एक जुना रिवाज ठाऊक असे, धान्य रास्त भावात बाजारात यायला हवं हा. तो मोडला जातोय असं दिसलं की लोक उठत, आणि कित्येकदा धान्य न लुटता स्वतः भाव ठरवून विकायला लावत. आता सुपं बघा. धान्याची दुकानं लुटली गेली हे खरं, पण दंगेखोरांना मुख्यतः हवी होती ती सावकाराकडची खतं आणि हुकूमनामे. निमूटपणे ती हवाली केली तिथे सहसा पुढे काही झालं नाही, असं सरकारी कागदच सांगतात. ही शिस्त थॉम्प्सनच्या जमावाशी जुळते. तिनं हे पटकन पकडलं. पण जुळत नाही ते काय, हा खरा प्रश्न होता. इंग्लंडच्या जमावापाशी मोडला गेलेला जुना नियम होता. सुप्याच्या जमावापाशी कोणता होता?

ती आठवडाभर अडली. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला, “मॅडम, दामदुपट!” मुद्दलाहून जास्त व्याज घ्यायचं नाही, देणं फार तर दामाच्या दुप्पट व्हावं, ही आपल्याकडची जुनी रूढी. हा शब्द तिच्या निवेदनात कुठेच नव्हता. इंग्रजी पुस्तकांच्या मागे लागल्यामुळे घरातला शब्द तिला शेवटी सुचला. मी म्हटलं, मुलाखतीत हा शब्द मराठीतच म्हण आणि मग समजावून सांग.

तिसरी फुली मला सर्वांत किरकोळ वाटली होती आणि तिथेच आमची खरी फजिती झाली. शाळेबाहेर काय केलं या प्रश्नाखाली, ढोलपथक आणि वादविवाद स्पर्धेनंतर, अर्ध्या ओळीत लिहिलं होतं: मोडी शिकले आणि माझ्या कुटुंबानं सावकाराकडून घेतलेल्या कर्जाची दोन खतं वाचली. माझ्या मते ही अर्धी ओळ अख्ख्या निवेदनात सर्वांत मोलाची होती, कारण ती दुसऱ्या कुणाच्या अर्जात असणं शक्य नव्हतं. मी तिला खतांचे फोटो आणायला लावले.

पहिलं खत शके १७८९चं, म्हणजे इसवी सन १८६७च्या सुमाराचं, चाळीस रुपयांचं, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. दुसरं शके १७९२चं, सत्तर रुपयांचं, दर तोच. मधे तीनच वर्षं. “मधे आणखी तीस रुपये घेतले असतील,” ती म्हणाली. मी कागद पुढे सरकवला आणि हिशोब कर म्हटलं. शेकडा दोननं चाळीस रुपयांना महिन्याला ऐंशी पैसे, आजच्या हिशोबात. छत्तीस महिन्यांचे अठ्ठावीस रुपये ऐंशी पैसे. मुद्दल धरून अडुसष्ट रुपये ऐंशी, जुन्या भाषेत अडुसष्ट रुपये बारा आणे आणि वर काही पै. सत्तरला रुपया-सव्वा रुपया कमी, तो बहुधा स्टँपाचा आणि लिहिणावळीचा. म्हणजे नवीन कर्ज कदाचित एका पैशाचंही नव्हतं. जुनं खतच व्याजासकट नवं करून घेतलं होतं.

तीनच वर्षांनी का? १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं अशी खतं तीन वर्षंच चालतील असं ठरवलं होतं. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घेई आणि कालचं व्याज आज मुद्दल होई. दामदुपटीनं पाहिलं तर चाळीसाचं देणं सहा वर्षांनी ऐंशीवर अडकून पडायला हवं. मधे एकदा खत नवं केलं की तेच देणं सहा वर्षांनी एकशेवीसवर जातं, आणि प्रत्येक खत सुटं पाहिलं तर दामदुपट कुठेच मोडलेली दिसत नाही. थॉम्प्सनचा जुना नियम, कापसानंतरची तंगी, जाळलेली खतं, सगळं या दोन चिठोऱ्यांत येऊन बसलं होतं. ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

आणि मग मी तो प्रश्न विचारला, खरं सांगायचं तर सहज म्हणून. “ही खतं तुमच्या घरी कशी?”

“म्हणजे? आमचीच आहेत ना.”

“अगं, खत असतं धनकोकडे. रिणको लिहून देतो, सावकार जपून ठेवतो. देणं फिटलं किंवा खत नवं केलं की जुनं फाडून परत देतात. फाडलंय का?”

तिनं फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या खताची एक कड फाटलेली वाटत होती, पण फाडलेली की जुनेपणानं विरलेली ते कळेना. दुसरं धडधाकट होतं. न फिटलेलं, न फाडलेलं, सत्तर रुपयांचं खत सावकाराच्या घरी सापडायला हवं. ते हिच्या आजोबांच्या ट्रंकेत होतं. खतात वर ‘धनको नाम’, ‘रिणको नाम’ लिहून दोघांची नावं असतात, म्हणून मी ती ओळ वाच म्हटलं. तेव्हा कबुली मिळाली की ती ओळ कसरीनं खाल्ली होती. तीन महिन्यांच्या मोडीच्या वर्गात तिला आकडे, तारखा आणि ठरावीक मजकूर लागायला लागला होता. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नसतो, तेव्हा तेवढं जमणंही थोडं नव्हे. पण ‘वाचली’ या क्रियापदात बसेल एवढं ते नव्हतं, आणि ‘माझ्या कुटुंबानं घेतलेल्या’ हे तर तिनं वाचलंच नव्हतं. ते घरात ऐकलं होतं.

रात्री तिनं गावी आजोबांना फोन लावला. आपली जमीन सावकारानं गिळली, हीच गोष्ट त्यांनी तिला लहानपणापासून सांगितलेली. नातीचा प्रश्न ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. मग म्हणाले, “ट्रंक माझ्या आईच्या माहेरची आहे.” यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. माहेरचे लोक देणारे होते की घेणारे, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

मुलगी रडकुंडीला आली. अर्ज तर गेला होता. आपण खोटं लिहिलं असं तिला वाटायला लागलं. वडिलांचं मत होतं की तो विषय निघू देऊ नकोस, निघाला तर पटकन कापसावर ये. आई म्हणाली, कुणाला कळणार आहे. दोघांचंही मला चुकीचं वाटलं, आणि ते नीतीच्या कारणानं नव्हे. विषय बदलणारी मुलगी पंधरा सेकंदांत ओळखू येते. आवाज वर जातो, वाक्यं लांब होतात, समोरच्यानं न विचारलेल्याची उत्तरं सुरू होतात. वर्षानुवर्षं हे बघितलेल्या माणसाला तेवढं पुरतं, मग तो तिथेच खणत राहतो. लिहिलेलं आपल्यालाच पटेनासं झालं असेल तर मुलाखतीत ते सरळ सांगता येतं: मी असं लिहिलं होतं, त्यानंतर अमुक गोष्ट लक्षात आली, आता मला खात्री नाही. मात्र ‘अमुक’च्या जागी काहीतरी ठोस हवं. नुसती कबुली म्हणजे फक्त माफी झाली, त्यावर बोलणार काय?

म्हणून शेवटचे दहा दिवस आम्ही उत्तरं बसवली नाहीत. बसवलेलं उत्तर वेगळ्याच दिशेनं आलेल्या प्रश्नाला चिकटवताना मुलं फार केविलवाणी दिसतात. त्याऐवजी एका पानावर तिनं तीनच गोष्टी लिहून काढल्या: खतांवरून मला नक्की काय कळतं, काय कळल्यासारखं वाटतं पण कळत नाही, आणि ते कळायला कोणता कागद लागेल. पान तिनं भिंतीवर लावलं नाही, सोबतही घेतलं नाही. लिहिलं तेवढंच.

मुलाखत त्यांच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला. पडद्यावर दोन शिक्षक. कापसाबद्दल अवाक्षर नाही, थॉम्प्सनचं नावही नाही. पहिलाच प्रश्न त्या अर्ध्या ओळीवर. ही कर्जखतं तुझ्या कुटुंबाची, त्यांत काय आहे? तिनं चाळीस आणि सत्तरचा हिशोब मांडला, दामदुपट समजावून सांगितली आणि मग एक श्वास घेऊन म्हणाली की माझ्या कुटुंबानं कर्ज घेतलं असं मी लिहिलं आहे, पण दुसरं खत न फाडलेलं आमच्याकडे आहे, तेव्हा आम्ही कर्ज देणारे असू हेही शक्य आहे.

दोघांपैकी वयस्क बाई पुढे झुकल्या, असं तिनं मला नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं, हे निश्चित करायला तुला काय लागेल?

“सावकाराची खातेवही,” ती म्हणाली. “दोन्ही नावं तिच्यात सापडतील. पण आमच्या भागात अठराशे पंचाहत्तरमध्ये लोक असलेच कागद गोळा करून जाळत होते.”